दोन बसने एकटीने जाणाऱ्या आईसाठी मोठ्या अक्षरांची चिठ्ठी

पहिली चिठ्ठी मी फार मन लावून लिहिली होती. आईला आमच्या घरून मावशीकडे जायचं होतं, मध्ये मुख्य स्थानकावर बस बदलून. मी दोन्ही मार्गांवरचे सगळे स्टॉप वहीच्या पानावर ओळीने उतरवले, एकूण एकवीस, प्रत्येकापुढे क्रमांक टाकून. आई म्हणाली, "मोजत जाईन, त्यात काय?" आणि खरंच मोजत गेली. वाटेत दोन स्टॉपवर चढणारं-उतरणारं कुणी नव्हतं, म्हणून बस तिथे थांबलीच नाही. त्यामुळे आईने मोजलेला नववा स्टॉप प्रत्यक्षात अकरावा निघाला. ती स्थानकाच्या दोन स्टॉप पुढे उतरली आणि अर्धा तास दुसऱ्या बसची वाट बघत उभी राहिली. ती बस तिथे येतच नाही.

त्यानंतर चार-पाच वेळा चिठ्ठी बदलली. आता जी आहे ती टिकली आहे, म्हणून कशी लिहायची ते सविस्तर सांगते. उदाहरण आमच्याच प्रवासाचं घेते: पहिली बस १२ नंबरची, दुसरी ४७ नंबरची.

लागणारं सामान थोडंच आहे. वहीच्या पानाएवढं, म्हणजे ए-५ आकाराचं, जाड आणि चमक नसलेलं पांढरं कार्ड. जाड टोकाचं काळं मार्कर पेन, पाण्याने न पसरणारं. आखणीसाठी पट्टी-पेन्सिल. आणि ज्यांना जायचं आहे त्यांचा नेहमीचा चष्मा, कारण तपासणी तोच लावून करायची आहे.

१. आधी तो प्रवास स्वतः करून या

घरी बसून, फोनवर नकाशा बघून चिठ्ठी लिहू नका. नकाशात स्टॉपचं नाव एक असतं, स्टॉपच्या पाटीवर दुसरं आणि लोकांच्या तोंडी तिसरंच. आई ज्या वेळेला निघणार त्याच सुमाराला तुम्ही एकदा जाऊन या, आणि शक्यतो ती जिथे बसेल तिथेच बसा. उभं राहिल्यावर समोरच्या काचेतून जे दिसतं ते बसलेल्या माणसाला दिसत नाही. त्याच्या वाट्याला फक्त बाजूची खिडकी येते.

या फेरीत तीन गोष्टी टिपायच्या. बसच्या कपाळावरच्या पाटीवर नेमकं काय लिहिलं आहे, अक्षर न अक्षर. उतरायच्या स्टॉपच्या आधी दोन-तीन मिनिटं खिडकीतून ठळक काय दिसतं आणि कोणत्या बाजूला. आणि बस बदलताना उतरल्यापासून दुसऱ्या स्टॉपपर्यंत किती पावलं चालावं लागतं, कुठे वळावं लागतं.

पाटीचा मुद्दा थोडा थांबून सांगते, कारण नवीन माणूस इथेच घसरतो. आमची १२ नंबरची बस मुख्य स्थानकावरून जाते, पण संपते नवी वसाहतीला. पाटीवर "नवी वसाहत" असतं, "मुख्य स्थानक" नसतंच. चिठ्ठीत फक्त "१२ ने मुख्य स्थानकाला जा" लिहिलंत, तर आई समोर आलेली बरोबर बस सोडून देईल, कारण पाटीवर तिला हवं ते नाव नाही. उलट बाजूने येणारी बसही १२ नंबरचीच असते. म्हणून बसमध्ये चढायचं ते नंबर आणि पाटीवरचं नाव दोन्ही जुळल्यावरच, आणि चिठ्ठीत पाटीचं नाव वेगळं, उतरायचं नाव वेगळं, असं स्पष्ट यायला हवं. काही मार्गांवर त्याच नंबरची एखादी बस अर्ध्या वाटेवरच संपते, तीही पाटीवरचं नाव बघूनच ओळखता येते.

२. स्टॉप गाळा

एकवीस स्टॉपमधले सतरा मी गाळले. राहिले चारच: पहिल्या बसचा उतरायचा आणि त्याच्या आधीचा, दुसऱ्या बसचा उतरायचा आणि त्याच्या आधीचा. जिथून चढायचं तो घराजवळचा स्टॉप आईला झोपेतही सापडेल, तो लिहून जागा कशाला घालवायची?

सगळे स्टॉप लिहिले की दोन तोटे होतात. एक, अक्षर लहान होतं. दुसरा मोठा: वाचणारा प्रत्येक स्टॉपला चिठ्ठीत मान घालतो, "आता हा, आता तो" करत जागा शोधतो आणि नेमक्या वेळेला बाहेर बघायचं राहून जातं. "नववा स्टॉप" असा हिशोब तर कधीच देऊ नका. का, ते वर सांगितलंच.

आधीचा स्टॉप मात्र हवाच. ती तयारीची ओळ. आमच्याकडे मुख्य स्थानकाच्या आधीचा स्टॉप शाळेचा आहे, डाव्या खिडकीतून लांबलचक पटांगण दिसतं. तिथून स्थानकापर्यंत साधारण तीन मिनिटं लागतात. दोन मिनिटांपेक्षा कमी अंतर असेल तर पिशवी आवरून होण्याआधी स्टॉप येतो, आणि पाचच्या पुढे गेलं तर आई फार लवकर उठून हेलकाव्यात उभी राहते. या ओळीत मी आधी "उठ" असं लिहिलं होतं. ते काढून "पिशवी हातात घे" केलं. चालत्या बसमध्ये उठण्यापेक्षा पिशवी मांडीवर, चष्मा डोळ्यावर, आणि बस थांबली की उठायचं हे बरं.

खूण निवडताना ती हलणारी नसावी. फलक, मांडव, रंगवलेली भिंत, फुलांनी भरलेलं झाड, ही सगळी फसवी. मी एकदा "निळी भिंत" लिहिलं आणि महिन्याभरात ती पिवळी झाली. पूल, पाण्याची टाकी, पटांगण, रेल्वेचं फाटक अशा खुणा चालतात. रात्रीचा प्रवास असेल तर दिवसाच्या खुणा बाद समजा. अंधारात दिव्यांनी उजळणारी जागाच शोधावी लागते.

३. चिठ्ठीचा नमुना

आमचं कार्ड असं आहे. एका बाजूला एक बस, उलट बाजूला दुसरी.

पहिली बाजू:

१) ‖ १२ ‖ पाटी: नवी वसाहत
२) डाव्या खिडकीशी बस
३) शाळेचं पटांगण: पिशवी हातात घे
४) उतर: मुख्य स्थानक
५) उतरल्यावर कार्ड उलट

दुसरी बाजू:

६) डावीकडे चाल. रस्ता ओलांडू नकोस
७) ‖ ४७ ‖ पाटी: कारखाना
८) जुना पूल: पिशवी हातात घे
९) उतर: पाण्याची टाकी

ओळींचे क्रमांक दोन्ही बाजूंना सलग ठेवा, दुसऱ्या बाजूला पुन्हा एकपासून सुरू करू नका. याचा उपयोग पुढे फोनच्या वेळी कळेल. बसचा नंबर जाड चौकटीत घाला, ओळीचा क्रमांक लहान आणि समासात. आमच्या दुसऱ्या चिठ्ठीत चौकट नव्हती, आणि आई स्टॉपवर "सात नंबरची बस" शोधत होती. ती ओळ सातवी होती.

एका बाजूला एकच बस असण्यामागे कारण आहे. दोन्ही बस एका पानावर असल्या की डोळा पहिल्या "उतर" वरून दुसऱ्या "उतर" वर सहज उडतो. कार्ड उलटणं ही कृतीच तिला सांगते की पहिली बस संपली.

भाषा घरात बोलता तीच ठेवा. मी आईला "तू" म्हणते, म्हणून "उतर". वडिलांसाठी लिहाल आणि घरात "तुम्ही" म्हणत असाल तर "उतरा". "प्रवाशाने येथे उतरावे" असं काहीतरी सरकारी लिहिलंत तर वाचताना क्षणभर अडायला होतं. स्टॉपची नावं मात्र पाटीप्रमाणेच लिहा. आई पाण्याच्या टाकीला अजून "जुना नाका" म्हणते. ते नाव मी खाली बारीक अक्षरात कंसात दिलं आहे, कारण बसमध्ये कुणाला विचारायचं झालं तर पाटीवरचं नाव सांगितलेलं बरं, पण तिच्या डोक्यात ती जागा जुन्या नावानेच उभी राहते.

४. अक्षर

स्टॉपच्या नावांची अक्षरं दीड सेंटिमीटर उंच काढते, बाकीची साधारण एक सेंटिमीटर. ही उंची शिरोरेषेपासून खालच्या टोकापर्यंत मोजायची, वेलांटी-उकार सोडून. ओळींमध्ये जवळपास अक्षराएवढीच मोकळी जागा ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. म्हणूनच एका बाजूला चार-पाच ओळींपेक्षा जास्त मावत नाही, आणि मावू नयेतच.

मराठी अक्षरांचे स्वतःचे सापळे आहेत. घाईत काढलेला "ख" आणि "रव" एकच दिसतात. "ध" आणि "घ", "भ" आणि "म" यांच्यातला फरक शिरोरेषेच्या तुटण्यावर असतो, म्हणून जाड पेनने सलग रेघ ओढलीत की "ध"चा "घ" होतो. मी आधी अक्षरं काढते, रेषा नंतर देते, आणि "ध", "भ" च्या डोक्यावर ठळक फट ठेवते. शब्द जोडून लिहू नका, दोन शब्दांत बोटभर अंतर हवं.

आकडे पाटीवर जसे असतील तसेच. बसवर इंग्रजी आकडे असतील तर चिठ्ठीतही इंग्रजीच लिहा. मराठी "४" आणि इंग्रजी आठ यांची चण लांबून सारखीच वाटते. चिठ्ठीत ४७ मराठीत आणि बसवर इंग्रजीत, अशी सरमिसळ झाली की चुकीच्या बसला हात दाखवला जातो. बस कुठल्या आकड्यांत येते यावर एकमत नसेल तर दोन्ही चौकटी शेजारी शेजारी काढा.

रंगाचा मोह टाळा. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं. त्यामुळे पांढऱ्यावरचा पिवळा जवळजवळ नाहीसा होतो आणि निळा, हिरवा, जांभळा यांच्यातला फरक पुसट होतो. "हिरवी ओळ पहिल्या बसची, निळी दुसरीची" ही माझी कल्पना आईला कळलीच नव्हती, तिला दोन्ही सारख्याच काळपट दिसत होत्या. पांढऱ्यावर काळं पुरेसं आहे. मोतीबिंदू असेल तर चकाकी फार त्रास देते, म्हणून चकचकीत लॅमिनेशन नको. उन्हात खिडकीशी धरलं की त्यावर नुसता आरसा दिसतो. पावसासाठी चमक नसलेलं पारदर्शक पाकीट वापरा, म्हणजे बस आल्यावर ते काढावंही लागत नाही.

तपासणी चालत्या बसमध्ये होते, टेबलावर नाही. चिठ्ठी हातभर अंतरावर धरून हात थोडा हलवायला सांगा आणि वाचून घ्या. ज्या शब्दापाशी आई थबकेल तो मोठा करा किंवा बदला.

५. बस बदलायची जागा

सगळ्या प्रवासात जास्तीत जास्त गोंधळ इथे होतो, तेव्हा सहाव्या ओळीवर वेळ घालवा.

उतरल्यावर माणसाचं तोंड कुठे असतं, तिथून दिशा सांगायची. "उत्तरेला", "डेपोच्या दिशेने" हे निरुपयोगी. आमच्याकडे मी असं ठरवलं: बस निघून जाईपर्यंत जागेवर उभी राहा, बस ज्या बाजूला गेली तिकडे तोंड कर, आणि मग डावीकडे. बस जाण्याची दिशा ही एकच खूण अशी आहे की जी प्रत्येक वेळी तीच असते. उतरताना माणूस पायऱ्यांकडे बघत असतो, कधी वळून हात धरतो, त्यामुळे नुसतं "उतरून डावीकडे" म्हटलं तर कोणाचं डावं, हे ठरत नाही.

जोडीला छोटं चित्र काढलं तर बरं. वर जाणारा बाण म्हणजे गेलेली बस, एक ठिपका म्हणजे आई, दुसरा ठिपका म्हणजे दुसरा स्टॉप, आणि मधे पावलांचा आकडा. आमच्याकडे साठ पावलं. माझी साठ, आईची ऐंशी होतात, तेव्हा आकडा तिच्या पावलांनी मोजा. रस्ता ओलांडायचा नसेल तर तसं लिहाच. समोर उभी असलेली ४७ ही परतीची असू शकते, आणि ती बघून पलीकडे धावण्याची इच्छा होते.

मोठ्या स्थानकात गाडी ठराविक फलाटावरच लागेल याची खात्री तुम्ही दोन वेगवेगळ्या दिवशी जाऊन केल्याशिवाय फलाटाचा क्रमांक लिहू नका. नसेल खात्री, तर "चौकशी खिडकीवर ४७ विचार" एवढं पुरे. बसायला बाक आणि स्वच्छतागृह कुठे आहे, हे मात्र तोंडी सांगून ठेवा. कार्डावर त्याला जागा नाही.

६. चुकलं तर

यासाठी वेगळं छोटं कार्ड करा, पहिल्या कार्डाच्या पाकिटातच. त्यावर फक्त तीन ओळी:

स्टॉप निघून गेला? पुढच्या स्टॉपला उतर.
तिथेच थांब. चालत मागे जाऊ नकोस.
फोन कर.

खाली तुमचा नंबर, दोन-दोन आकड्यांच्या गटांत, मोठा. फोनमध्ये नाव साठवलेलं असलं तरी लिहाच, कारण फोन बंद पडला की दुसऱ्याच्या फोनवरून लावायला नंबर लागतो आणि तो कुणाला पाठ नसतो. घरचा पत्ता मी लिहित नाही. कार्ड हरवलं तर ज्याच्या हाती पडेल त्याला घरात म्हातारं माणूस एकटं असतं हे कळण्याची गरज नाही.

"चालत मागे जाऊ नकोस" ही ओळ माझ्या आईसाठी सगळ्यात महत्त्वाची. एक स्टॉप म्हणजे जवळच, असं तिला वाटतं. पण ती चालायला लागली की आपण फोनवर तिला शोधू शकत नाही.

त्याच कार्डाच्या मागे ड्रायव्हर-कंडक्टरला दाखवायची ओळ ठेवा: "मला मुख्य स्थानक येथे उतरायचं आहे. कृपया सांगा." चढल्या चढल्या ती दाखवायची, उतरायची वेळ आल्यावर नाही. ऐकू कमी येत असेल तर त्याखाली "मोठ्याने सांगा" असंही लिहा. मात्र केवळ त्यांच्यावर भरवसा नको. गर्दीत विसरतात, त्यांचाही दोष नाही.

आणि आता क्रमांकांचं. सगळ्या चिठ्ठीची हुबेहूब प्रत तुमच्याजवळ ठेवा. फोन आला की "कुठे आहेस?" विचारू नका. घाबरलेल्या माणसाला त्याचं उत्तर देता येत नाही, "काय माहीत, इथे दुकानं आहेत" असं काहीतरी येतं. "कितव्या ओळीवर आहेस?" विचारा. आई म्हणते "आठ झाली, नऊ दिसत नाही", आणि तुम्हाला लगेच कळतं की ती दुसऱ्या बसमध्ये आहे आणि पूल ओलांडला आहे.

७. परतीची चिठ्ठी वेगळी

जाण्याची चिठ्ठी खालून वर वाचली की परतीची होते, असं मला वाटलं होतं. होत नाही. परतीचा स्टॉप रस्त्याच्या पलीकडे असतो, एकेरी वाहतूक असेल तर शेजारच्या रस्त्यावर. पाटीवरचं नाव बदलतं. तयारीची खूण बदलते, कारण आता आधीचा स्टॉप दुसरा आहे, आणि डावी खिडकी उजवी होते. येतानाही तुम्हीच एकदा येऊन बघा.

दोन कार्डं एकमेकांत मिसळू नयेत म्हणून जाण्याच्या कार्डाचा वरचा उजवा कोपरा कापते, परतीचं अखंड. अंधारात, चष्म्याशिवायही बोटांना कळतं. परतीचं कार्ड मी मावशीकडेच ठेवलं आहे. आई निघताना मावशी ते तिच्या हातात देते आणि जाण्याचं काढून घेते.

८. एक फेरी मागे बसून

चिठ्ठी लिहून झाली की आईला वाचायला द्या आणि तिलाच विचारा, "आता काय करशील?" तिने कृती सांगितली पाहिजे. नुसती ओळ वाचून दाखवली तर ती ओळ कळलेली नाही.

मग एकदा सोबत जा, पण दोन सीट मागे बसा आणि बोलू नका. हे फार अवघड जातं. मी तिसऱ्या ओळीलाच "आई, शाळा!" ओरडले आणि तालीम वाया गेली. दुसऱ्या खेपेला गप्प राहिले. आई पटांगणापाशी पिशवी घ्यायची विसरली, पण स्थानक बघून बरोबर उठली. पटांगणाची खूण तिच्या बाजूच्या खिडकीत नव्हती, कारण डावीकडे जागाच मिळाली नव्हती. मग तिसऱ्या ओळीत उजवीकडची एक खूणही घातली: मंदिराचा कळस. गर्दीच्या बससाठी दोन्ही बाजूंची खूण हवी, हे मला त्या दिवशी कळलं. उभं राहून जावं लागलं तर खिडकीतली कुठलीच खूण धड दिसत नाही, म्हणून दाखवायची ओळ तेव्हा चढताच काढायची, असं आमचं ठरलं आहे.

कार्डाच्या कोपऱ्यात लिहिल्याची तारीख टाका. मार्ग बदलला, स्टॉप हलला की नवं कार्ड लिहून जुनं समोर फाडा. आईच्या पर्समध्ये मला मागच्या वर्षीची तीन सापडली, त्यातलं एक निळ्या भिंतीचं.